नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी उघडायची चिठ्ठी: अपेक्षेसोबत ती कुठून आली तेही लिहा

प्रश्न: पुढच्या महिन्यात नवीन नोकरीवर रुजू होतोय. या नोकरीकडून मला काय हवं होतं, हे पहिल्या दिवशी पडताळता यावं म्हणून स्वतःलाच एक चिठ्ठी लिहून त्या तारखेला मिळेल अशी ठेवायची आहे. तीनदा लिहायला बसलो, तिन्ही वेळा भाषण झालं. नेमकं काय लिहायचं, आणि मिळाल्यावर तिचं करायचं काय?

उत्तर:

आधी नोकरभरतीत आणि नंतर नोकरी बदलणाऱ्यांना मार्गदर्शन करताना मी अशा बऱ्याच चिठ्ठ्या लोकांकडून लिहून घेतल्या आहेत, आणि स्वतःच्या प्रत्येक बदलाच्या वेळी लिहिल्याही आहेत. तुमचं भाषण का होतं ते आधी सांगतो. पहिल्या दिवशी घाबरलेला, अवघडलेला एक माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि तुम्ही त्याला धीर द्यायला बसता. धीर तर त्याला घरचे देतीलच. घरच्यांना देता येणार नाही अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आज आहे, ती म्हणजे होकार देताना तुमच्या मनात खरोखर काय होतं याची नोंद. ती फार लवकर पुसली जाते.

पुसली जाते म्हणजे आपण विसरतो असं नाही. तिच्या जागी दुसरीच आठवण येऊन बसते, आणि बदल झालाय हे आपल्याला कळतही नाही. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1975 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन 1972 मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती, उदाहरणार्थ निक्सन आणि माओ यांची भेट होईल का. दौरा झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना, तुम्ही तेव्हा काय आकडा दिला होता ते आठवून सांगा, असं सांगितलं. जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवत होतं. त्यांनी दिलेले मूळ आकडे मात्र कागदावर होते, म्हणून ही गडबड पकडता आली. तुमच्या चिठ्ठीचं कामही त्या कागदाचंच आहे.

नोकरीत ही अदलाबदल दोन्ही दिशांनी होताना मी पाहिली आहे. नवी जागा आवडली की माणूस म्हणतो, मला हेच हवं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी जुनी नोकरी सोडली ती मिळालीच नाही हे त्याच्या लक्षात यायला वर्ष जातं. नाही आवडली की म्हणतो, मला फसवलं, आणि जे कुणी बोललंच नव्हतं ते त्याला वचन म्हणून आठवायला लागतं. दुसऱ्या प्रकाराने नुकसान जास्त होतं. कारण माणूस त्या न दिलेल्या वचनाचा हिशेब मागायला साहेबांसमोर जाऊन उभा राहतो.

म्हणून चिठ्ठीत अपेक्षेपेक्षाही महत्त्वाचं काय असेल, तर ती अपेक्षा कुठून आली हे. प्रत्येक अपेक्षेखाली एक ओळ लिहा: हे मला कुणी सांगितलं, कधी, कुठल्या शब्दांत. ऑफर लेटरमध्ये आहे का? मुलाखतीत तोंडी झालं का? की हा माझा अंदाज आहे? अंदाज असेल तर तो कशावरून बांधला? ही ओळ लिहिताना बऱ्याच जणांचा हात अडखळतो. मनात अगदी पक्की असलेली एखादी गोष्ट कुणी सांगितली हे शोधायला जावं, तर कुणीच सांगितलेली नसते.

माझी स्वतःची पहिली चिठ्ठी या बाबतीत निरुपयोगी ठरली होती. मी लिहिलं होतं, "इथे खूप शिकायला मिळेल." रुजू झालो त्या रात्री ती वाचली आणि तिचं काय करायचं ते कळेना. शिकायला मिळालं की नाही हे कोणत्या दिवशी, कशावरून ठरवायचं? त्यानंतर मी प्रत्येक अपेक्षेपुढे ती पूर्ण झाली तर डोळ्यांना काय दिसेल ते लिहायला लागलो. "शिकायला मिळेल" याऐवजी, "पहिल्या तीन महिन्यांत वरिष्ठांसोबत निदान दोन मोठ्या ग्राहकांच्या बैठकीला बसेन." हे झालं की नाही याचं उत्तर कुणालाही देता येतं. शेजारी दहापैकी किती खात्री वाटते तो आकडा टाका. आकडा अचूक असण्याची गरज नाही. आज तुम्हाला चार वाटत होतं की नऊ, एवढं पुढच्या तुम्हाला कळलं की पुरे.

आणखी दोन गोष्टी चिठ्ठीत असाव्यात, त्या थोडक्यात सांगतो. एक, जुनी नोकरी का सोडली त्याचं खरं कारण, राजीनाम्यात लिहिलं ते नव्हे. निरोपसमारंभानंतर महिन्याभरात जुनं ऑफिस गोड वाटायला लागतं. दुसरी, काय मिळणार नाही हे माहीत असूनही तुम्ही होकार दिला. प्रवास वाढेल, पद तेच राहील, साहेब कडक आहेत असं ऐकलंय, जे असेल ते. "हे मी जाणून घेतलं आहे" असं तुमच्याच शब्दांत लिहिलेलं असलं, की तीच गोष्ट पुढे फसवणुकीच्या खात्यात जात नाही.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीममध्ये सहा वर्षं काढलेली एक ताई दुसऱ्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जाणार होती. होकार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर बसून चिठ्ठी लिहिली. चारच अपेक्षा होत्या.

पहिली, एक अख्खा कोर्स ती स्वतः आखेल. आधार: दुसऱ्या मुलाखतीत विभागप्रमुख म्हणाले होते, "पहिल्या तिमाहीतच एक कोर्स पूर्ण तुमच्याकडे देऊ." खात्री आठ. दुसरी, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. आधार: एचआरचा फोन. शब्द आठवून लिही म्हटल्यावर तिने लिहिलं, "ते टीमवर असतं, बहुतेक जण दोन दिवस घरून करतात." ऑफर लेटरमध्ये याचा उल्लेख नव्हता. खात्री सात. तिसरी, रात्री कामाचे फोन येणार नाहीत. आधाराच्या ओळीवर ती बराच वेळ थांबली. शेवटी लिहिलं, "कुणी सांगितलं नाही. प्रशिक्षण विभाग आहे म्हणून मला वाटतं." खात्री मात्र नऊ. चौथी, त्या विभागप्रमुखांच्या हाताखाली शिकायला मिळेल, म्हणजे त्यांच्या सत्रांना ती मागे बसेल आणि तिची सत्रं ते बघतील. आधार: मुलाखतीत त्यांच्याशी बोलून वाटलं. खात्री आठ.

मग मी तिला एक जादा प्रश्न विचारला, जो तेव्हापासून सगळ्यांनाच विचारतो: यातली प्रत्येक गोष्ट होणं कुणाच्या हातात आहे? तिने नावं लिहिली, तर पहिली आणि चौथी पूर्णपणे विभागप्रमुखांवर होती, आणि "टीमवर असतं" म्हणजे दुसरीही त्यांच्यावरच. चारपैकी तीन अपेक्षा एका माणसाच्या खुंटीला टांगलेल्या होत्या.

ती रुजू झाली तेव्हा ते तिथे नव्हते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांची दुसऱ्या विभागात बदली झाली होती आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. होकार आणि रुजू होणं यांत महिना-दोन महिन्यांचं अंतर असेल, तर असं होणं अजिबात दुर्मीळ नाही. ज्याने निवडलं तोच साहेब म्हणून भेटेल, असं आपण न विचारता धरून चालतो. चिठ्ठी लिहिताना ही खुंटी दिसली, तर रुजू होण्याच्या आठवडाभर आधी एचआरला साधा फोन करून "मी कुणाला रिपोर्ट करणार आहे, तेच आहेत ना?" एवढं विचारता येतं. तिने विचारलं नव्हतं. मीही तिला तसं सुचवलं नव्हतं, याची मला आजही खंत आहे.

त्या रात्री तिने मला फोन केला, चांगलीच चिडलेली होती. "दोन दिवस घरून काम देतो म्हणाले होते, आणि नवीन मॅडम म्हणतात सगळ्यांनी रोज यायचं." मी म्हटलं, चिठ्ठी आली असेल, उघड आणि दुसरी अपेक्षा मला वाचून दाखव. तिने वाचलं: "ते टीमवर असतं, बहुतेक जण दोन दिवस घरून करतात." फोनवर थोडा वेळ शांतता होती. महिन्याभरात एचआरच्या त्या वाक्याचं तिच्या मनात वचन झालं होतं. चिठ्ठी नसती तर दुसऱ्या दिवशी ती नव्या मॅडमकडे "मला असं कबूल केलं होतं" म्हणत गेली असती, आणि पहिल्याच आठवड्यात दोघींमध्ये गाठ बसली असती.

त्याऐवजी तिने दोन वेगवेगळ्या प्रकारे बोलायचं ठरवलं. घरून कामाबद्दल तिने फक्त पद्धत विचारली. नवीन लोकांनी पहिले दोन महिने रोज यायचं आणि नंतर एक दिवस घरून काम करता येतं, असं कळलं. कोर्सबद्दल मात्र तिच्याकडे मुलाखतीची तारीख आणि नेमकं वाक्य होतं. तिने ते सरळ सांगितलं: "अमुक तारखेच्या मुलाखतीत माझ्याशी हे बोलणं झालं होतं, तुम्हाला कल्पना असेल की नाही माहीत नाही." मॅडमना खरंच कल्पना नव्हती. त्यांनी आधी एका चालू कोर्सचा अर्धा भाग तिला दिला आणि पुढच्या तिमाहीत नवा कोर्स. एकाच दिवशी मोडल्यासारख्या वाटलेल्या दोन अपेक्षा, पण एक मागण्यासारखी होती आणि दुसरी फक्त विचारण्यासारखी. हा फरक आधाराच्या ओळीने दाखवला.

तिसरी अपेक्षा, जिला तिने नऊ गुण दिले होते, ती पूर्ण चुकली. परदेशातल्या कर्मचाऱ्यांची सत्रं महिन्यातून दोनदा रात्री उशिरा असायची. तिला कुणी फसवलं नव्हतं, तिने विचारलंच नव्हतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त खात्रीच्या आणि सगळ्यात कमी आधाराच्या अपेक्षाच असा धक्का देतात. लिहिताना असं एखादं वाक्य सापडलं, म्हणजे आकडा मोठा आणि आधार "मला वाटतं" एवढाच, तर ते चिठ्ठीत घालून थांबू नका. रुजू व्हायच्या आत विचारून घ्या. तुमच्याकडे अजून महिना आहे.

चिठ्ठी कधी लिहावी हे परिस्थितीवर आहे, पण शक्यतो होकार दिल्यापासून दोन-तीन दिवसांत. तेव्हा बोलणी ताजी असतात आणि का हो म्हटलं तेही स्पष्ट असतं. तुमचे ते दिवस उलटून गेले असतील, तर लिहिण्याआधी जुने मेल, मेसेज आणि ऑफर लेटर समोर ठेवा आणि जे फक्त आठवणीतून लिहिताय त्यापुढे तशी खूण करा. पहिलीच नोकरी असेल तर आधाराच्या ओळीत बहुधा मित्रांची आणि नातेवाइकांची नावं येतील. त्यात काही वावगं नाही, पण ती नावं लिहिलीच पाहिजेत. आणि आधीची नोकरी गेल्यामुळे जे मिळालं ते घेतलं असेल, तर अपेक्षा उगाच रंगवू नका. "सध्या मला नियमित पगार हवा आहे, बाकीचं सहा महिन्यांनी पाहू," एवढी चिठ्ठीही पूर्ण आहे. मी अशी चिठ्ठी लिहून घेतली आहे, आणि पहिल्या दिवशी ती वाचून त्या माणसाला किती हायसं वाटलं हे त्याने नंतर सांगितलं.

आता पाठवायचं कसं. ऑफिसच्या मेलवरून शेड्यूल करू नका. शेवटच्या दिवशी ते खातं बंद होतं आणि चिठ्ठीही त्यासोबत जाते. नव्या ऑफिसच्या मेलवरही नको, ती जागा खासगी नसते. स्वतःच्या मेलवरून स्वतःलाच पाठवा. जीमेलमध्ये Send बटणाच्या शेजारच्या बाणावर Schedule send असतं, त्यात Pick date & time निवडून तारीख टाकायची. वेळ शेड्यूल करताना जो टाइम झोन असतो त्यानुसार मेल जातो. म्हणून नोकरीसाठी दुसऱ्या देशात जाणार असाल तर फरक मोजून वेळ टाका.

वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी चिठ्ठी वाचून गेलात, तर दिवसभर माणसं भेटतील ती तुम्हाला एकेका अपेक्षेवर टिकमार्क करायला आल्यासारखी दिसतील.

रुजू होण्याची तारीख पुढे गेली की एक अडचण येते. जीमेलमध्ये शेड्यूल केलेला मेल रद्द केला की तो मसुदा म्हणून उघडतो, मजकूर समोर येतो आणि हात शिवशिवतात. एखादं वाक्य "जरा नीट" करावंसं वाटतं, आणि तिथेच नोंद बिघडते. म्हणून मजकूर मेलमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये लिहून जोडा, मेलमध्ये फक्त तारीख. मग तारीख बदलताना फाइल उघडायची गरजच पडत नाही. मधल्या काळात एखादी अपेक्षा खरंच बदलली, तर जुनी तशीच राहू द्या आणि तारीख घालून दुसरी छोटी चिठ्ठी लिहा.

मिळाल्यावर काय करायचं? अर्धा तास द्या. प्रत्येक अपेक्षेपुढे तीनपैकी एकच खूण करा: दिसली, मोडली, की अजून कळायचं आहे. पहिल्या दिवशी बहुतेकांपुढे तिसरीच खूण येते, आणि तशीच यायला हवी. तो दिवस फॉर्म भरण्यात, लॅपटॉप मिळण्यात आणि नावं लक्षात ठेवण्यात जातो, खरं काम दिसलेलंच नसतं. मोडली म्हणून जी खूण कराल, तिच्या आधाराची ओळ पुन्हा वाचा. कुणी स्पष्ट शब्द दिला असेल तर पहिल्या आठवड्यात तारीख आणि वाक्यासकट विचारा. फक्त तुमचा अंदाज असेल तर पद्धत विचारा. जिच्या हातात तीन-चार गोष्टी होत्या ती व्यक्ती अजून तिथे आहे का, हेही त्याच संध्याकाळी पाहा.

त्या रात्री नोकरी चांगली की वाईट हे मात्र ठरवू नका, विशेषतः दिवस छान गेला असेल तर. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये व्यवस्थापकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी सोडण्याआधी समाधान कमी झालेलं असतं, नव्या जागी गेल्यावर ते उंच जातं आणि पुढे पुन्हा उतरतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे पहिल्या दिवसाचा आनंद खरा असला, तरी तो कितपत टिकेल हे त्यातून कळत नाही. पुढे समाधान उतरेल तेव्हाही, ही नोकरी बिघडली की नवेपणा ओसरला हे वेगळं करायला तीच चिठ्ठी हाताशी लागते.

म्हणून खुणा करून झाल्या की, एक अक्षर न बदलता, तीच फाइल पुन्हा स्वतःला शेड्यूल करा. ही तारीख प्रोबेशन संपायच्या तीन आठवडे आधीची ठेवा. प्रोबेशनचा काळ आणि त्यातला नोटिशीचा कालावधी ऑफर लेटरमध्ये पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनमध्ये नोटीस कमी दिवसांची असते, त्यामुळे थांबायचं की निघायचं याचा विचार तेव्हाच सगळ्यात मोकळेपणाने करता येतो. ताईच्या दुसऱ्या चिठ्ठीवर "अजून कळायचं आहे" अशी एकच खूण उरली होती, चौथ्या अपेक्षेपुढे. त्या विभागप्रमुखांकडून शिकायला मिळणार नव्हतं हे तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तिने "मोडली" लिहिलं नव्हतं, कारण नव्या मॅडम तिच्या सत्रांना मागे बसायला लागल्या होत्या. तिने तिथे त्यांचं नाव लिहिलं आणि "दिसली" अशी खूण केली.